बारा केआरए फॉर्म, एक तक्ता: मेंटेनन्स विभागप्रमुखासाठी वर्षाची उद्दिष्टं एकत्र कशी मांडायची

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कारखान्यांमध्ये केआरए फॉर्म भरून घेतले जातात. प्रत्येक इंजिनिअर आणि सुपरवायझर आपल्या वर्षभराच्या कामाची पाच-सहा उद्दिष्टं लिहितो, त्यापुढे वेटेज टाकतो, वरिष्ठांची सही घेतो आणि फॉर्म एचआरकडे जातो. मग विभागप्रमुख, म्हणजे एचओडी, नव्याने रुजू झालेल्या एखाद्या इंजिनिअरला किंवा एमआयएस, म्हणजे आकडेवारीचे अहवाल, बघणाऱ्याला सांगतात, "हे सगळं मला एका पानावर हवंय. उद्दिष्ट, मोजमाप, टार्गेट. प्लांट हेडसमोर ठेवायचंय."

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. पहिल्यांदा हे काम करणारा बहुतेक वेळा सगळ्या फॉर्ममधल्या ओळी एकाखाली एक चिकटवतो, सारख्या वाटणाऱ्या ओळी काढून टाकतो आणि टक्क्यांची सरासरी घेतो. असा तक्ता दिसायला नीट असतो, पण त्यातले आकडे चुकीचे निघतात, आणि ही चूक वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा त्या एकाच गोष्टीला दिली आहे: बारा जणांचे आकडे विभागाच्या एका आकड्यात कसे आणायचे.

उदाहरण म्हणून चाकणच्या बाजूला असतात तसा, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर धरू. मेंटेनन्स विभागात बारा फॉर्म आले आहेत: प्रेस शॉप, सीएनसी आणि असेंब्ली या तीन लाइनचे तीन इंजिनिअर, एक युटिलिटी इंजिनिअर, सहा शिफ्ट सुपरवायझर, पीएम म्हणजे मशीनची नियोजित देखभाल बघणारा एक पीएम प्लॅनर आणि एक स्पेअर स्टोअरचा प्रमुख. बारा फॉर्ममध्ये मिळून ६४ ओळी आहेत. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण त्यांची जात तुम्हाला कुठल्याही प्लांटमध्ये भेटेल.

## आधी कच्ची यादी, आणि तिला हात लावायचा नाही

एक्सेलमध्ये पहिल्या शीटवर ६४ ओळी जशाच्या तशा उतरवा. एका उद्दिष्टाला एक ओळ. फॉर्ममध्ये एकाच चौकटीत "ब्रेकडाऊन कमी करणे व पीएम वेळेत करणे" असं दोन्ही लिहिलं असेल, तर त्याच्या दोन ओळी करा आणि क्रमांक ७अ, ७ब असे द्या. (वर सांगितलेल्या ६४ ओळी असं सुटं करून झाल्यानंतरच्या आहेत.)

रकाने एवढे पुरतात: ओळ क्रमांक, फॉर्म क्रमांक, पद, लाइन, मूळ वाक्य, मोजमाप, एकक, गेल्या वर्षीचा आकडा, यंदाचं टार्गेट, वेटेज. शेवटी दोन रकाने रिकामे ठेवा, "तक्त्यातली ओळ" आणि "शेरा". त्यांचा उपयोग पुढे येईल. नावाच्या जागी पद लिहा. हा तक्ता प्लांट हेडच्या मीटिंगमध्ये पडद्यावर लागणार असतो, आणि कुणाचं वेटेज किती, कुणाच्या फॉर्मवर वरिष्ठांनी काय शेरा मारला, हे तिथे दिसायचं कारण नाही.

मूळ वाक्य जसं आहे तसंच ठेवा. "मशीन बंद राहण्याचं प्रमाण घटवणे" आणि "ब्रेकडाऊन कमी करणे" एकच आहे असं वाटून उतरवतानाच दोन्हीला एकसारखं केलंत, तर नंतर कुणी विचारल्यावर फॉर्मपर्यंत परत जाता येत नाही. शिवाय ही दोन वाक्यं खरंच एक नसतात, हे थोड्या वेळाने दिसेलच.

उतरवताना संख्या आणि एकक वेगळ्या रकान्यांत घाला. एका चौकटीत "90 तास" असं टाइप केलं की एक्सेल ते अक्षर समजतो आणि `SUM` ती चौकट गुपचूप वगळतो, चूक दाखवत नाही. चौकटीतला आकडा डावीकडे चिकटलेला दिसला आणि तुम्ही स्वतः तशी मांडणी केलेली नसेल, तर तो बहुधा अक्षर म्हणून बसला आहे.

उतरवून झालं की वेटेजची बेरीज तपासा. फॉर्म क्रमांक B रकान्यात आणि वेटेज J रकान्यात असेल तर:

```
=SUMIFS(J:J, B:B, B2)
```

प्रत्येक फॉर्मसाठी उत्तर १०० यायला हवं. ९५ आलं तर एक तर तुमच्याकडून एखादी ओळ सुटली आहे, किंवा मूळ फॉर्मच अपुरा आहे. फॉर्म अपुरा असेल तर तो भरणाऱ्याकडे परत पाठवा. उरलेले पाच टक्के तुम्ही कुठेही बसवू नका, कारण मार्चमध्ये त्याचं अप्रेझल त्याच फॉर्मवर होणार आहे. या तपासणीखेरीज वेटेजचा या कामात काहीच उपयोग नाही. एखाद्याच्या फॉर्ममध्ये सुरक्षेला ३० टक्के वेटेज आहे म्हणून विभागाच्या तक्त्यात सुरक्षा मोठी होत नाही.

## काम कोणतं, उद्दिष्ट कोणतं

आता ६४ ओळी तीन ढिगांत वाटा. हे करताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे झालं तर कोणता आकडा हलेल?

"रोज सकाळी नऊला ब्रेकडाऊन मीटिंग घेणे" हे काम आहे. ती वर्षभर रोज झाली आणि बंद तास तेवढेच राहिले, तर विभागाने काही मिळवलं असं कुणी म्हणणार नाही. "नवा काँप्रेसर डिसेंबरपर्यंत बसवणे", "दर तिमाहीला हवेची गळती शोधणे", "स्पेअरची यादी अद्ययावत करणे" ही सगळी कामंच. ती फेकायची नाहीत. ज्या आकड्यासाठी ती केली जातात, त्या आकड्याच्या ओळीखाली ती जातात.

दुसरा ढीग वैयक्तिक विकासाचा: "पीएलसीचं प्रशिक्षण पूर्ण करणे", "इंग्रजी ईमेल सुधारणे". या ओळी माणसाच्या आहेत, त्याच्या फॉर्ममध्येच राहू द्या. तीन-चार जणांनी तेच प्रशिक्षण मागितलं असेल, तर एचओडींना तोंडी सांगा. तेवढी माहिती त्यांच्या कामाची असते.

तिसरा ढीग खऱ्या उद्दिष्टांचा, ज्यांना मोजमाप आणि टार्गेट आहे किंवा देता येईल. आपल्या उदाहरणात ४१ ओळी उद्दिष्टांच्या, १४ कामांच्या आणि ९ वैयक्तिक निघाल्या. बेरीज ६४ येते का ते बघा. पुढे प्रत्येक टप्प्यावर ही बेरीज जुळली पाहिजे. "तक्त्यातली ओळ" या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे तिचं स्थान किंवा "वगळली" असं लिहायचं, आणि वगळली तर शेजारी कारण. कारखाना आयएसओ ९००१:२०१५ प्रमाणित असेल तर ऑडिटर कलम ६.२ खाली नेमकं हेच विचारतो: उद्दिष्ट मोजता येतं का, त्यासाठी काय करणार, साधनं कोणती, जबाबदार कोण, कधीपर्यंत, आणि निकाल कसा तपासणार.

## सारखी दिसणारी पण सारखी नसलेली मोजमापं

४१ पैकी बऱ्याच ओळी ब्रेकडाऊनभोवती फिरतात. त्या अशा आहेत. प्रेस शॉपचा इंजिनिअर लिहितो, "ब्रेकडाऊन ३ टक्क्यांवरून २ टक्के." सीएनसीचा लिहितो, "डाउनटाइम महिना १२० तासांवरून ९० तास." असेंब्लीचा, "ब्रेकडाऊन ४ वरून ३ टक्के." पीएम प्लॅनर, "ब्रेकडाऊन २० टक्क्यांनी कमी." आणि सहाही सुपरवायझर, "एमटीटीआर ९० मिनिटांवरून ६० मिनिटे."

इथे तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जात आहेत. पहिले तिघं मशीन किती *वेळ* बंद राहिलं ते सांगतात, दोघं टक्क्यांत आणि एक तासांत. प्लॅनर मशीन किती *वेळा* बंद पडलं ते सांगतो. निदान तसा अर्थ असावा असं वाटतं, पण त्याच्या फॉर्मवर ते स्पष्ट नाही, म्हणून त्याला विचारावंच लागेल. त्याने सांगितलं की हो, तिन्ही लाइन मिळून महिन्याला सरासरी २६० ब्रेकडाऊन होते, त्यात २० टक्के घट. म्हणजे टार्गेट २०८. तक्त्यात "२० टक्के घट" असं न लिहिता "२६० वरून २०८" लिहा. ज्या टक्क्यामागे आधाराचा आकडा दिसत नाही, तो वर्षाच्या शेवटी प्रत्येक जण आपापल्या सोयीने मोजतो.

हाच गोंधळ "३ टक्क्यांत १ टक्का सुधारणा" अशा वाक्यातही असतो. कुणाला त्यातून २ टक्के अभिप्रेत असतात, कुणाला २.९७. दोन्ही टोकांचे आकडे लिहिले की वादच उरत नाही.

सुपरवायझर तिसरी गोष्ट मोजतात: एमटीटीआर, म्हणजे एकदा बंद पडलेलं मशीन सुरू व्हायला सरासरी किती वेळ लागतो. इथे घड्याळ कधी सुरू होतं, हे प्रत्येक शिफ्टला विचारा. एका शिफ्टमध्ये ऑपरेटरने कॉल दिल्यापासून मशीन उत्पादनाच्या ताब्यात देईपर्यंतचा वेळ धरतात. दुसऱ्या शिफ्टमध्ये फिटर मशीनपाशी पोचल्यापासून धरतात आणि स्पेअरची वाट बघण्यातला वेळ सोडून देतात. दोघांच्या फॉर्मवर "एमटीटीआर ६० मिनिटे" असंच असतं, पण ते दोन वेगळे आकडे आहेत. आपण पहिली पद्धत धरू, कारण उत्पादनाचं नुकसान त्याच वेळात होतं. तक्त्यात मोजमापाच्या चौकटीत हे पूर्ण लिहा: "कॉल दिल्यापासून मशीन परत ताब्यात देईपर्यंत, मिनिटे." चौकट थोडी मोठी झाली तरी चालेल.

## बारा आकड्यांचा एक आकडा

आता मुख्य भाग. तिन्ही लाइनच्या बंद वेळेची टार्गेटं २ टक्के, ९० तास आणि ३ टक्के अशी आहेत. विभागाचं टार्गेट काय?

आधी एकक एक करावं लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक लाइनचे उपलब्ध मशीन-तास हवेत. तिन्ही पाळ्या धरून, पण जेवण-चहाची सुट्टी आणि नियोजित देखभाल वगळून एक मशीन महिन्याला सरासरी ५०० तास चालायला हवं, असं प्लॅनिंगने सांगितलं. प्रेस शॉपमध्ये १० मशीन, सीएनसीत २४, असेंब्लीत ६.

| लाइन | उपलब्ध तास | गेल्या वर्षी बंद | टार्गेट बंद |
|---|---|---|---|
| प्रेस शॉप | ५,००० | १५० तास (३%) | १०० तास (२%) |
| सीएनसी | १२,००० | १२० तास (१%) | ९० तास (०.७५%) |
| असेंब्ली | ३,००० | १२० तास (४%) | ९० तास (३%) |
| एकूण | २०,००० | ३९० तास (१.९५%) | २८० तास (१.४%) |

विभागाचा आकडा बंद तासांची बेरीज भागिले उपलब्ध तासांची बेरीज असा निघतो. उपलब्ध तास C रकान्यात आणि टार्गेटचे बंद तास E रकान्यात असतील तर:

```
=SUM(E2:E4)/SUM(C2:C4)
```

उत्तर १.४ टक्के.

आता तिन्ही टक्क्यांची साधी सरासरी काढून बघा. २, ०.७५ आणि ३ यांची सरासरी येते १.९२ टक्के. गेल्या वर्षी विभाग प्रत्यक्षात १.९५ टक्क्यांवर होता. म्हणजे साधी सरासरी तक्त्यात गेली असती, तर विभागाने महिन्याला जेमतेम सहा तास वाचवले की वर्षाचं टार्गेट पूर्ण! तिन्ही इंजिनिअरनी मिळून ११० तास वाचवायचं कबूल केलंय आणि विभागाच्या तक्त्यात त्यातलं जवळपास काहीच उतरत नाही. सहा मशीनच्या असेंब्लीला आणि २४ मशीनच्या सीएनसीला सरासरीत एकच वजन मिळालं, म्हणून असं झालं.

गेल्या वर्षीचा आकडाही साध्या सरासरीनेच काढला, तर चूक आणखी लपते. ३, १ आणि ४ यांची सरासरी २.६७ टक्के. मग "२.६७ वरून १.९२" अशी छान घट दिसते आणि कुणालाच शंका येत नाही. जून-जुलैत एमआयएसमधून खरा आकडा १.९ च्या आसपास आला की सगळे म्हणतात, टार्गेट पहिल्याच तिमाहीत गाठलं. एखादं टार्गेट असं फार लवकर पूर्ण होत असेल, तर आधी ते कसं एकत्र केलं होतं ते तपासा.

टक्क्यांच्या किंवा सरासरीच्या प्रत्येक मोजमापाला हाच नियम लागतो. पीएम वेळेत पूर्ण होण्याचं प्रमाण काढताना तिन्ही लाइनची वेळेत झालेली पीएम भागिले तिन्ही लाइनची नियोजित पीएम. एमटीटीआरसाठी सगळ्यांची एकूण मिनिटं भागिले एकूण ब्रेकडाऊन.

काही मोजमापांची सरळ बेरीज होते, पण तिथे दुसरा सापळा आहे. कायझन म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा. तिन्ही लाइन इंजिनिअरनी "टीमकडून ८ कायझन" लिहिले आहेत, म्हणजे २४. सहा सुपरवायझरनी "प्रत्येकी ३ कायझन" लिहिले आहेत, म्हणजे १८. बेरीज ४२ होत नाही. सुपरवायझर हे त्या टीमचाच भाग आहेत, त्यांचे १८ इंजिनिअरच्या २४ मध्ये आधीच धरलेले आहेत. विभागाचं टार्गेट २४. वरच्या माणसाच्या फॉर्ममध्ये "टीम", "लाइन", "शॉप" असे शब्द दिसले, की खालच्यांचे आकडे त्यात आहेत का हे विचारल्याशिवाय बेरीज करू नका.

आणि काही उद्दिष्टं सामाईक असतात. "शून्य अपघात" सगळ्या बारा जणांनी लिहिलंय. ते तक्त्यात एकदाच येतं, शून्यच येतं, आणि त्यापुढे जबाबदारी सर्वांची.

## आकडे एकमेकांशी जुळतात का?

इथवर आलात की तुमच्याकडे बंद तास, ब्रेकडाऊनची संख्या आणि एमटीटीआर अशा तीन ओळी आहेत. या तीन ओळी एकमेकींना बांधलेल्या आहेत: संख्या गुणिले एमटीटीआर म्हणजे बंद तास. गेल्या वर्षी २६० ब्रेकडाऊन, प्रत्येकी ९० मिनिटं, म्हणजे ३९० तास. वरच्या तक्त्यातला आकडाही ३९० च आहे, तेव्हा गेल्या वर्षीची माहिती विश्वासार्ह आहे. हे जुळलं नसतं तर पुढे न जाता आधी नोंदी तपासाव्या लागल्या असत्या. बहुतेक वेळा दहा मिनिटांपेक्षा लहान थांबे एका रजिस्टरमध्ये असतात आणि दुसऱ्यात नसतात.

आता यंदाची टार्गेटं तशीच ताडून बघा. २०८ ब्रेकडाऊन गुणिले ६० मिनिटं म्हणजे २०८ तास. पण लाइन इंजिनिअरनी २८० तास लिहिले आहेत. ७२ तासांची तफावत. एक तर इंजिनिअरनी हात राखून टार्गेट दिलंय, नाहीतर सुपरवायझरनी ६० हा गोल आकडा विचार न करता एकमेकांचा बघून लिहिलाय. सहाही फॉर्मवर अगदी एकच आकडा असला की दुसरी शक्यता जास्त. ७५ मिनिटं धरली तर २६० तास येतात, म्हणजे १.३ टक्के, आणि ते १.४ च्या टार्गेटशी नीट बसतं, थोडी जागाही उरते.

पण ७५ तुम्ही लिहायचं नाही. कितीही स्पष्ट दिसत असलं तरी टार्गेट बदलण्याचा अधिकार तक्ता बनवणाऱ्याचा नाही. तुम्ही तफावत दाखवायची, दोन्ही हिशेब शेजारी मांडायचे आणि निर्णय एचओडींवर सोडायचा. नव्या माणसावर विभागाचा विश्वास बसतो तो या शिस्तीमुळे. आपला आकडा आपल्याला न विचारता बदलला हे एकदा सुपरवायझरना कळलं, की पुढच्या वर्षी ते तुम्हाला खरी माहिती देणार नाहीत.

असाच दुसरा प्रश्न स्पेअरचा. स्टोअरप्रमुख लिहितो, "साठा ८० लाखांवरून ६५ लाख." असेंब्ली इंजिनिअर लिहितो, "क्रिटिकल स्पेअर १०० टक्के हजर." दोन्ही उद्दिष्टं योग्य आहेत आणि दोन्ही तक्त्यात हवीत, एकाखाली एक. साठा कमी करताना महागडी आणि क्वचित लागणारी ड्राइव्ह किंवा बेअरिंग आधी जातात, आणि नेमकी तीच क्रिटिकल असतात. त्यामुळे क्रिटिकल स्पेअरची यादी कोणती, ती कुणी ठरवली आणि ६५ लाखांत ती बसते का, हे एचओडींना विचारायचं.

## जे कुणीच लिहिलं नाही

फॉर्ममधून तक्ता बनवताना फॉर्ममध्ये नसलेली गोष्ट सहज निसटते. म्हणून प्लांट हेडकडून एचओडींना मिळालेलं वर्षाचं पान मागून घ्या आणि त्यातली प्रत्येक ओळ आपल्या तक्त्यात शोधा. आपल्या उदाहरणात त्यात आहे: "एक टन तयार मालामागे वीज ३२० युनिटवरून ३०० युनिट." ४१ उद्दिष्टांमध्ये विजेचा शब्दही नाही.

पण कामांच्या ढिगात युटिलिटी इंजिनिअरची एक ओळ होती, "दर तिमाहीला हवेची गळती शोधणे." तिला आता तिचं उद्दिष्ट सापडलं. काँप्रेस्ड हवा बनवायला भरपूर वीज लागते, आणि पाइप-फिटिंगमधून गळणारी हवा म्हणजे वाया गेलेली वीज. युटिलिटी इंजिनिअरशी बोलून त्या कामाला मोजमापही देता येतं. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून काँप्रेसर चालवायचा आणि तो किती मिनिटं लोडवर व किती अनलोडवर असतो ते नोंदवायचं. ३ मिनिटं लोड आणि ७ मिनिटं अनलोड आलं, तर क्षमतेच्या ३० टक्के हवा गळतीतच जाते आहे. ही ओळ तक्त्यात घाला, पण "प्रस्तावित" असा शेरा टाकून, आणि टार्गेटची चौकट रिकामी ठेवा. ते टार्गेट इंजिनिअर आणि एचओडी मिळून देतील.

## एचओडींसमोरचं पान

४१ ओळींतून साधारण दहा ओळी उरतात. त्याहून जास्त झाल्या तर प्लांट हेडच्या मीटिंगमध्ये त्या वाचल्या जात नाहीत. उद्दिष्ट, मोजमाप आणि टार्गेट अशी मांडणी बॅलन्स्ड स्कोअरकार्डमुळे रूढ झाली. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी ती पद्धत १९९२ मध्ये मांडली. त्यात उद्दिष्टासाठी करायच्या कामांचा चौथा रकाना असतो. आपल्या १४ कामांची जागा तीच. पण ती मागच्या पानावर द्या. पहिल्या पानाचा काही भाग असा दिसेल:

| उद्दिष्ट | मोजमाप | २०२४-२५ | २०२५-२६ टार्गेट | जबाबदार | नोंद कुठून |
|---|---|---|---|---|---|
| मशीन बंद वेळ घटवणे | बंद तास ÷ उपलब्ध तास, तिन्ही लाइन | १.९५% | १.४% | लाइन इंजिनिअर | ब्रेकडाऊन रजिस्टर |
| ब्रेकडाऊन कमी करणे | महिन्याची सरासरी संख्या | २६० | २०८ | पीएम प्लॅनर | ब्रेकडाऊन रजिस्टर |
| दुरुस्ती लवकर करणे | कॉलपासून ताब्यात देईपर्यंत, मिनिटे | ९० | प्रश्न १ | शिफ्ट सुपरवायझर | ब्रेकडाऊन रजिस्टर |
| स्पेअर साठा घटवणे | साठ्याची किंमत, लाख रुपये | ८० | ६५ (प्रश्न २) | स्टोअरप्रमुख | महिनाअखेरचा स्टॉक रिपोर्ट |
| वीज वाचवणे | युनिट प्रति टन तयार माल | ३२० | ३०० | युटिलिटी इंजिनिअर (प्रश्न ३) | वीजबिल, उत्पादन अहवाल |

"नोंद कुठून" हा रकाना वगळू नका. जी ओळ भरताना तुम्हाला कुठलंच रजिस्टर किंवा रिपोर्ट आठवत नाही, ते मोजमाप वर्षभर कुणी मोजणार नाही. तसं आढळलं तर मोजमाप बदलावं लागेल किंवा नोंद सुरू करावी लागेल, आणि ते एप्रिलमध्येच ठरायला हवं. एप्रिलची नोंद नसेल तर वर्षाचा आकडा अकरा महिन्यांचा होतो.

तक्त्याखाली प्रश्न लिहा, तीन किंवा चार, प्रत्येकी दोन ओळींत आणि उत्तर एका वाक्यात देता येईल असे. "प्रश्न १: सुपरवायझरच्या फॉर्मवर ६० मिनिटे आहेत. २०८ ब्रेकडाऊनसोबत त्याचे २०८ तास होतात, लाइन इंजिनिअरचं टार्गेट २८० तास आहे. ७५ मिनिटे धरल्यास २६० तास. कोणता आकडा घ्यावा, साहेब?" अशा प्रश्नाला एचओडी उभ्या-उभ्या उत्तर देतात. "एमटीटीआरबद्दल चर्चा करावी" असं लिहिलं की तो विषय पुढच्या आठवड्यावर जातो. कच्ची यादी सोबत ठेवा, पण दाखवू नका. ती विचारली तरच उघडायची.

## निर्णय झाल्यावर

एचओडींनी ७५ मिनिटं ठरवली, तर तक्त्यात तो आकडा भरून तारीख घाला आणि फाइलच्या नावातही तारीख ठेवा. इथेच बहुतेक जण काम संपलं असं समजतात. पण सहा सुपरवायझरच्या सही केलेल्या फॉर्मवर अजून ६० च आहे. वर्षभर प्लांटच्या मीटिंगमध्ये ७५ वर चर्चा होईल, आणि मार्चमध्ये अप्रेझलच्या टेबलावर ६० चा फॉर्म उघडेल. ७२ मिनिटांवर आलेला सुपरवायझर विभागाच्या तक्त्यात यशस्वी आणि स्वतःच्या फॉर्ममध्ये नापास ठरेल.

म्हणून तक्ता पक्का झाला त्याच आठवड्यात कच्च्या यादीतून बदललेल्या ओळी गाळून काढा, ज्यांच्या ज्यांच्या ओळी आहेत त्यांना भेटून बदल आणि त्यामागचा हिशेब दाखवा, आणि एचआरकडून सुधारित फॉर्मवर भरणारा आणि वरिष्ठ अशा दोघांच्या सह्या करून घ्या. तिसऱ्या पाळीचे सुपरवायझर दिवसा भेटत नाहीत. त्यांच्यासाठी रात्री साडेदहा-अकराच्या शिफ्ट बदलाच्या वेळेला थांबावं लागतं. विजेची नवी ओळ युटिलिटी इंजिनिअरच्या फॉर्ममध्ये घालायची असेल, तर तिला वेटेज द्यावं लागेल, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी ओळीचं वेटेज कमी होईल. ते तो आणि एचओडी ठरवतील. तुम्ही फक्त सुधारित फॉर्मची बेरीज पुन्हा १०० येते का ते बघा.